कारखान्यात आग लागली: ग्राहकांना काय कळवायचं, कधी आणि किती

प्रश्न: वाळूज एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. दुचाकीसाठी पत्र्याचे पार्ट प्रेस करून पावडर कोटिंग करून देतो. रविवारी रात्री कोटिंग शॉपला आग लागली. माणसं सुखरूप आहेत. प्रेस शॉप वेगळ्या शेडमध्ये असल्यामुळे वाचलं, पण धूर तिथेही शिरला. चौदा ग्राहकांच्या ऑर्डरी चालू आहेत. भागीदार म्हणतात, सर्व्हेअर येऊ दे, नुकसानीचा आकडा कळू दे, मग सांगू. ग्राहकांना कधी सांगावं, काय सांगावं आणि तारीख द्यावी का?

उत्तर:

सर्व्हेअरची वाट पाहू नका, आजच सांगा. सर्व्हेअर जो आकडा काढणार आहे तो रुपयांचा आहे आणि विमा कंपनीसाठी आहे. तुमच्या ग्राहकाला त्या आकड्याचा काही उपयोग नाही. त्याची लाईन कोणत्या दिवशी, कोणत्या पार्टसाठी थांबेल एवढंच त्याला हवं आहे. ते तुम्हाला तुमच्या स्टॉकवरून आणि त्याच्या स्टोअरवरून काढता येतं, त्यासाठी पंचनामा पुरा व्हायची गरज नाही. तारखेचं म्हणाल, तर माल पूर्ववत मिळण्याची तारीख आज देऊ नका. पण पुढची माहिती कधी देणार ती वेळ मात्र ठाम सांगा: ‘मंगळवारी संध्याकाळी पाचला पार्टनिहाय स्टॉक कळवतो.’ ती वेळ पाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

पहिला निरोप फोनवर जावा आणि तो मालकाने किंवा भागीदाराने स्वतः द्यावा. डिस्पॅचच्या मुलावर सोडू नका. आगीचे व्हिडिओ रात्रीच कामगारांच्या ग्रुपवरून फिरलेले असतात. सकाळी माल न्यायला आलेला ट्रकवाला गेटवरूनच परत जातो आणि तिकडे जाऊन सांगतो. पर्चेसच्या माणसाला ही बातमी ट्रकवाल्याकडून कळली, की पुढचे दोन आठवडे तुमच्या प्रत्येक वाक्यावर तो शंका घेणार. फोनवर चारच गोष्टी सांगा. आग कुठे लागली, माणसं कशी आहेत, कोणतं काम बंद आहे आणि कोणतं चालू आहे, पुढची माहिती कधी. मग एक प्रश्न विचारा: ‘आमचे कोणते पार्ट तुमच्याकडे किती शिल्लक आहेत आणि रोज किती लागतात?’ हा प्रश्न न विचारता ठेवलेला फोन अर्धाच झाला असं मी मानतो, कारण पुढची सगळी आखणी त्या दोन आकड्यांवर उभी राहते. तुमच्याकडे आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र असेल, तर पुरवठ्यावर परिणाम होणाऱ्या घटनेची व्याप्ती आणि कालावधी ग्राहकाला कळवण्याची पद्धत त्यात बंधनकारकच आहे. ऑडिटमध्ये पहिला फोन कधी केला हे विचारतील, तेव्हा वेळ लिहून ठेवा.

‘थोडीशीच आग होती, आठवडाभरात सुरळीत होईल’ हे वाक्य मात्र कोणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला फिलिप्सच्या चिप कारखान्यावर वीज पडून आग लागली. ती जेमतेम दहा मिनिटांत विझली. कंपनीने ग्राहकांना कळवलं की साधारण आठवड्याचा उशीर होईल. पण धूर आणि पाण्याने क्लीन रूम बिघडल्या होत्या, आणि आठवड्याचे महिने झाले. मोबाईल बनवणारे दोन मोठे ग्राहक होते. नोकियाने त्या चिपवर रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली आणि इतर ठिकाणची क्षमता स्वतःसाठी अडवून ठेवली. एरिक्सन त्या ‘आठवड्या’वर विसंबली. त्यांना वेळेत पर्याय मिळाला नाही आणि त्यांचा हँडसेटचा व्यवसाय त्यातून पुन्हा सावरला नाही. पुरवठादाराचं एक आशावादी वाक्य ग्राहकाचे हातपाय कसे बांधतं, हे यात दिसतं. तुम्ही ‘माहीत नाही, उद्या सांगतो’ म्हणालात तर ग्राहक पर्याय शोधू लागतो. ‘आठवडाभरात’ म्हणालात तर तो शोधत नाही, आणि ती जबाबदारी तुमच्यावर येते.

आता मोजणीकडे येऊ. आगीत जळालेला माल मोजणं सोपं असतं. फसवतो तो न जळलेला माल. केबलच्या पीव्हीसीतून जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. तो काजळीबरोबर धातूवर बसतो आणि हवेतल्या दमटपणाने त्याचं आम्ल होतं. आग विझवायला वापरलेली एबीसी पावडरही अमोनियम फॉस्फेटची असते, ओल लागली की तीही धातूला खाते. म्हणून डिस्पॅचमधला माल सोमवारी चकचकीत दिसतो आणि गुरुवारी ग्राहकाच्या लाईनवर वेल्ड नटच्या आट्यांत तांबेरा निघतो. कोटिंगचा थर स्वतः बराच टिकतो. गंज आधी दिसतो तो उघड्या जागांवर: आटे, मास्क केलेली अर्थिंगची जागा, कापलेल्या कडा. आगीमुळे उशीर झाला तर ग्राहक समजून घेतो. आगीनंतर तुम्ही पाठवलेला गंजका माल तो समजून घेत नाही.

त्यामुळे पहिल्या दिवशी सगळाच शिल्लक माल होल्डवर टाका, प्रत्येक पेटीला टॅग लावा आणि त्याचे तीन गट करा. पहिला गट, भिंतीपलीकडचा आणि पिशवीत बंद माल. पांढऱ्या कापडाने आतला पार्ट पुसून पाहा, डिस्टिल्ड वॉटरने ओला केलेला पीएच पेपर पृष्ठभागावर लावा, काही नमुने दमट जागी दोन दिवस ठेवा. कापडावर काळं आलं किंवा पेपरने आम्ल दाखवलं की ती पेटी इथेच थांबली. दुसरा गट, प्रेस झालेले पण कोटिंग न झालेले रॉ पार्ट. त्यांच्यावर तेलाचा थर असतो आणि काजळी त्या तेलात अडकते. लवकर डीग्रीज करून धुतले तर बहुतेक वाचतात, आठवडाभर तसेच पडले तर खड्डे पडतात. तिसरा गट, ओव्हनजवळचे कोटिंग झालेले पार्ट. पिवळे पडले असतील किंवा चकाकी गेली असेल तर जास्त भाजलेत, ते सरळ स्क्रॅप धरा. काहीही धुण्याआधी किंवा हलवण्याआधी फोटो काढा आणि सर्व्हेअरची किंवा विमा कंपनीची ईमेलवर संमती घ्या. नुकसान वाढू नये म्हणून धुवायचं आहे, असं स्पष्ट लिहिलं की सहसा अडवत नाहीत.

एक ग्राहक घेऊन हिशेब करून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल धरा. एका ब्रॅकेटची १२,००० ची ऑर्डर, त्यातले ३,००० पोचलेले. ग्राहकाच्या स्टोअरमध्ये आज १,५०० शिल्लक आणि रोजचा वापर ६००. म्हणजे सोमवार, मंगळवार आणि बुधवारचा अर्धा दिवस, बुधवारी दुपारी लाईन थांबणार. तुमच्या डिस्पॅचमध्ये पिशवीबंद २,४०० आहेत. ते तपासणीत उतरले तर चार दिवस मिळतात, रविवारची सुट्टी धरून पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत. पण त्यासाठी त्यांचा होल्ड मंगळवारी रात्री सुटायला हवा आणि ट्रक बुधवारी सकाळी पोचायला हवा. प्रेस शॉपमध्ये रॉ पार्ट ३,६०० आहेत, म्हणजे आणखी सहा दिवसांचा माल. ते बाहेरच्या कोटरकडे धुऊन, कोटिंग करून पुढच्या सोमवारी सकाळी पोचले तर त्यापुढच्या सोमवारी दुपारपर्यंत खंड पडत नाही. उरलेले ३,००० प्रेस व्हायचेच आहेत आणि प्रेस शॉप चालू आहे.

ही साखळी नीट पाहिली तर तिचे दोनच नाजूक सांधे आहेत: मंगळवारी रात्रीची तपासणी आणि बाहेरच्या कोटिंगला ग्राहकाची मंजुरी. ग्राहकाला नेमकं हेच सांगायचं. ‘ऑर्डरच्या २५ टक्के माल पोचला आहे’ असं लिहिलेलं पत्र त्याच्या काही कामाचं नसतं.

मंगळवारचं पत्र साधारण असं असावं. प्रत्यक्षात ते बहुधा इंग्रजीत जाईल, मजकूर मात्र हाच ठेवा.

‘रविवारी रात्री आमच्या कोटिंग शॉपला आग लागली. कोणालाही इजा नाही. कोटिंगचं काम बंद आहे. प्रेस शॉप सुरू आहे. आगीच्या कारणाचा तपास चालू आहे. आपल्या ब्रॅकेटचे २,४०० तयार नग आमच्याकडे होल्डवर आहेत. धुराच्या परिणामाची तपासणी आज रात्री संपेल. पास झाले तर ते बुधवारी सकाळी ११ पर्यंत पोचतील आणि आपल्याकडील १,५०० नग धरून पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत पुरतील. पास झाले नाहीत तर आज रात्रीच फोन करू, कारण त्या स्थितीत आपली लाईन उद्या दुपारी थांबू शकते. ३,६०० रॉ पार्ट बाहेरच्या कोटरकडे पाठवण्याचा प्रस्ताव सोबत आहे, त्याला आपली तात्पुरती मंजुरी शुक्रवारपर्यंत हवी आहे. कोटिंग शॉप पुन्हा सुरू होण्याची तारीख आज देत नाही. शेडची आणि वीज जोडणीची तपासणी झाल्यावर, पुढच्या मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत पहिला अंदाज देऊ. संपर्कासाठी एकच व्यक्ती…’

या पत्रात काय नाही तेही पाहा. कारण नाही, नुकसानीची रक्कम नाही, कोणाची चूक नाही. एमआयडीसी अग्निशमन दलाचा अहवाल येण्याआधी ‘शॉर्ट सर्किट’ असं लिहिलं आणि अहवालात वेगळं निघालं, तर ग्राहक आणि विमा कंपनी दोघांकडेही उत्तर द्यायला जड जातं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायची सूचना वेगळी आणि विमा कंपनीला द्यायची वेगळी. त्यांतले शब्द आणि ग्राहकाच्या पत्रातले शब्द एकमेकांशी जुळले पाहिजेत, म्हणून तिन्ही एकाच माणसाने वाचावीत.

फोर्स मेज्युअरचा, म्हणजे आवाक्याबाहेरच्या घटनेमुळे करारातून सूट मागण्याचा, उल्लेखही या पत्रात नको. करारात ते कलम असेल आणि त्यात आगीचं नाव असेल, तर किती दिवसांत लेखी सूचना द्यायची ते कलमातच लिहिलेलं असतं. ती मुदत चुकवू नका. सूचना मुदतीत, वेगळ्या कागदावर, वकिलाला दाखवून पाठवा, आणि पाठवण्याआधी पर्चेसच्या माणसाला फोनवर सांगा की ही कराराची औपचारिकता आहे, माल द्यायचं काम चालूच आहे. कलमच नसेल, तर एक शॉप जळाल्याने अख्खा करार आपोआप सुटला असं धरून चालू नका. बाहेरून कोटिंग करून माल देता येत असेल तर ‘अशक्य झालं’ हे म्हणणं टिकणं कठीण असतं.

आता बाहेरच्या कोटिंगचं, कारण सावरण्याच्या बहुतेक योजना इथे अडकतात. वाळूज, शेंद्रा, चाकण इथे कोटर आहेत, आणि दोन दिवसांत जागा देणाराही मिळेल. पण जागा बदलली की ग्राहकाच्या दृष्टीने प्रक्रिया बदलली. त्याला पार्टच्या मंजुरीची पूर्ण प्रक्रिया, म्हणजे पीपीएपी, पुन्हा हवी असते आणि त्यात सॉल्ट स्प्रे ही मिठाच्या फवाऱ्यातली गंजाची चाचणी येते. ड्रॉइंगवर २४० तास लिहिले असतील तर ते सलग दहा दिवस झाले. या दहा दिवसांना दुसरी वाट नाही, कितीही पैसे मोजले तरी तास कमी होत नाहीत. म्हणून ग्राहकाच्या एसक्यूईला, म्हणजे पुरवठादारांची गुणवत्ता पाहणाऱ्या इंजिनिअरला, आग लागल्याच्या दुसऱ्या दिवशीच भेटा आणि ठरावीक नगांपुरतं डेव्हिएशन, म्हणजे नियमातून तात्पुरती सूट, मागा. तुमच्या बाजूने काय देणार ते स्पष्ट सांगा: प्रत्येक लॉटला थराची जाडी, क्रॉसकट चिकटपणा आणि सॉल्व्हंट रबने क्युरिंगची खात्री. ओव्हनमध्ये पार्टचं स्वतःचं तापमान किती वेळ किती होतं त्याचा आलेख. सॉल्ट स्प्रे त्याच दिवशी लावायचा आणि दर दोन दिवसांनी फोटो पाठवायचे. प्रत्येक पेटीवर लॉट नंबर, म्हणजे दहाव्या दिवशी काही निघालं तर नेमक्या त्याच पेट्या वेगळ्या काढता येतील. डेव्हिएशन मिळालं नाही तर योजना किमान दहा दिवस पुढे जाते, हेही त्याच बैठकीत सांगा. निर्णय त्याचा आहे, पण त्याची किंमत त्याला आधी कळायला हवी.

चौदा जणांना एकाच बाहेरच्या कोटरची क्षमता पुरणार नाही. वाटप लाईन थांबण्याच्या तारखेवर करा, कोण जास्त ओरडतो यावर नको. सगळ्यांना नियम सांगा, दुसऱ्या ग्राहकाचे आकडे मात्र कोणालाच सांगू नका. ज्यांना तुम्ही महिनाभर तरी माल देऊ शकणार नाही असं दिसतं, त्यांना पहिल्याच आठवड्यात तसं सांगून टाका. त्यांच्या मालकीचे डाय, जिग आणि गेज कुठे आहेत, कोणत्या स्थितीत आहेत याची फोटोसकट यादी द्या. मागितले तर द्या. डाय अडवून ग्राहक राहत नाही. मे २०१८ मध्ये मिशिगनमधल्या ईटन रॅपिड्सला मॅग्नेशियमचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट आणि आग झाली आणि फोर्डच्या एफ-१५० पिकअपचं उत्पादन थांबलं. तेव्हा तिथले डाय ढिगाऱ्यातून काढून मोठ्या मालवाहू विमानाने इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला नेले आणि तिथे पार्ट ओतले. त्याच महिन्यात ट्रकची लाईन पुन्हा सुरू झाली. डाय कुठे आहेत आणि वापरण्याजोगे आहेत का, हे लगेच कळलं तरच असं काही जमतं. ग्राहकाने जॉब वर्कसाठी दिलेला पत्रा तुमच्याकडे जळाला असेल तर त्याचा चलननिहाय हिशेबही लगेच द्या. त्याच्या जीएसटीच्या आणि विम्याच्या नोंदी त्यावर अवलंबून असतात.

कोटिंग शॉप पुन्हा उभं करण्याची तारीख देताना दोन तारखा वेगळ्या ठेवा. पहिला पार्ट निघण्याची एक आणि आगीआधीचा रोजचा आकडा गाठण्याची दुसरी. १९ मार्च २०२१ रोजी जपानमध्ये रेनेसासच्या नाका कारखान्यात आग लागली. कंपनीने महिन्याच्या आत उत्पादन पुन्हा सुरू करण्याचं लक्ष्य जाहीर केलं आणि १७ एप्रिलला ते सुरूही केलं. पण आगीआधीचा वेग यायला जूनचा उत्तरार्ध उजाडला. मधल्या काळात बिघडलेल्या यंत्रांची संख्याही सुरुवातीच्या ११ वरून २३ वर गेली, आणि ती वाढ कंपनीने वेळोवेळी जाहीर केली. तुमच्या बाबतीतही नुकसान वाढण्याचीच शक्यता जास्त आहे. ओव्हनचं बाहेरचं कवच ठीक दिसतं, पण आतलं इन्सुलेशन पाण्याने भिजलेलं निघतं. शेडचे कॉलम सरळ दिसतात, पण तापलेल्या लोखंडाचा भरवसा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या दाखल्याशिवाय धरता येत नाही. नवा पॅनल यायला काही आठवडे लागतात, त्यानंतर विद्युत निरीक्षकाची तपासणी, मग महावितरणची जोडणी. ही कामं एकापाठोपाठ एक होतात, एकदम होत नाहीत. तारीख काढताना त्यांचा क्रम कागदावर मांडा आणि तोच क्रम ग्राहकाला दाखवा. एखादी पायरी लांबली तर किती दिवस पुढे गेलो हे त्याला स्वतःलाच दिसेल, तुम्हाला समजावत बसावं लागणार नाही.

पहिले दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी एक छोटं पत्रक पाठवा: पार्ट, होल्डवर किती, सुटले किती, निघाले किती, लाईन थांबण्याची ताजी तारीख, कालपासून काय बदललं. काही बदललं नसेल तर तसं लिहा, पण पत्रक चुकवू नका. तारीख पुढे जाणार असं सकाळी कळलं तर संध्याकाळच्या पत्रकाची वाट न पाहता फोन करा. आणि ग्राहकांशी तारखांबद्दल बोलणारा माणूस एकच ठेवा. मार्केटिंगवाला ‘शुक्रवार’ म्हणाला आणि प्रॉडक्शनवाला ‘बघू’ म्हणाला, की ग्राहकाचा शेड्यूलर त्यातला शुक्रवारच धरतो.

स्वतःचं कोटिंग सुरू झाल्यावरही लगेच ‘सर्व पूर्ववत’ असं पत्र पाठवू नका. नव्या ओव्हनमधल्या पहिल्या लॉटचा सॉल्ट स्प्रे पूर्ण होऊ द्या, डेव्हिएशनवर गेलेल्या प्रत्येक लॉटचा निकाल लॉट नंबरसकट कळवा, बाहेरच्या कोटरकडे उरलेले पार्ट मोजून परत आणा. हे तिन्ही कागद जोडून डेव्हिएशन बंद करण्याची विनंती एसक्यूईला पाठवा. त्याची सही आली की रोजचं पत्रक थांबवायला हरकत नाही.